बोर्डावरची त्रिज्या

धारूरच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात दीपमाला मॅडमच्या लाल पेनाला पोरं जेवढी भितात, तेवढी प्राचार्यांच्या आवाजालाही भीत नाहीत. प्राचार्य ओरडतात आणि विसरतात. मॅडम ओरडत नाहीत. त्या जर्नलच्या पानावर एक बारीक लाल गोल करतात आणि पोराकडे बघतात. त्या बघण्यातून सुटलेला पोरगा अजून जन्माला यायचाय.

मॅडम फिजिक्स शिकवतात, आणि चांगलं शिकवतात, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की बाई कच्च्या होत्या. कच्च्या असत्या तर एवढी लाज वाटली नसती. कच्च्या माणसाला लाजेचा त्रास कमी असतो.

जर्नल तपासायची त्यांची एक पद्धत होती. त्या म्हणायच्या, पानावर चार साक्षीदार असतात. निरीक्षणाचा तक्ता, आकडेमोड, आलेख आणि त्रुटीचं गणित. चौघांनी एकच गोष्ट सांगितली पाहिजे. एक जरी फुटला तर पान खोटं. पद्धत सोळा आणे खरी होती. फक्त त्यात एक मेख होती, जी मॅडमना स्वतःलाच दिसत नव्हती. ज्या पानाचं उत्तर बरोबर यायचं, त्या पानाच्या साक्षीदारांना त्या कधी बोलवतच नसत. उत्तर बघायचं, टिक करायची, सही ठोकायची, पुढचं पान. साक्षी-पुरावे सगळे चुकलेल्यांसाठी. आपल्याकडे पोलीस चौकीतही असंच चालतं म्हणा.

फेब्रुवारी संपत आला होता. अकरावीची प्रॅक्टिकल परीक्षा सोमवारी होती, आणि जर्नलवर सही नसेल तर पोराला परीक्षेला बसता येत नाही. गुरुवारी ‘अ’ तुकडीची चाळीस जर्नलं टेबलावर आली. प्रयोग होता साध्या लंबकाचा. दोऱ्याला धातूचा गोळा बांधायचा, झोका द्यायचा, वीस आंदोलनांना किती वेळ लागतो ते मोजायचं आणि त्यावरून गुरुत्व त्वरण काढायचं, ज्याला पोरं नुसतं ‘जी’ म्हणतात. बीड जिल्ह्यात आंदोलन म्हटलं की पोरांना रस्ता बंद आणि कॉलेजला सुट्टी एवढंच आठवतं, म्हणून दरवर्षी या प्रयोगाला हशा पिकतो.

लंबकाची लांबी म्हणजे दोऱ्याची लांबी अधिक गोळ्याची त्रिज्या. त्रिज्या काढायला व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचा कॅलिपर, लागतो, आणि लॅबमध्ये धड चालणारा व्हर्नियर एकच. चाळीस पोरं त्या एका व्हर्नियरसाठी भांडत बसली तर तास संपायचा. म्हणून मॅडम प्रयोगाच्या दिवशी बोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात चौकट करून त्रिज्या तयारच लिहून देत. ०.९५ सेंटिमीटर. पोरं तिला ‘बोर्डावरची त्रिज्या’ म्हणत. ती चौकट वर्षभर कुणी पुसत नसे, दिवाळीच्या साफसफाईतसुद्धा.

एकोणचाळीस जर्नलं भराभर झाली. सगळ्यांचा जी नऊशे ऐंशीच्या आसपास. पुस्तकातही नऊशे ऐंशीच दिलाय. सौरभच्या जर्नलात तर ९७९.८, ९८०.२, ९८०.१, ९७९.९ अशी माळच होती, आणि अक्षर छापल्यासारखं. मॅडमनी त्यावर ‘उत्तम’ लिहिलं.

चाळिसावं जर्नल समिनाचं होतं.

समिना म्हणजे केज रोडला गॅरेज असलेल्या इलियासभाईंची पोरगी. तिसऱ्या बाकावर बसणारी, विचारलं तरच बोलणारी. प्रयोगाच्या दिवशी ती मामेबहिणीच्या लग्नाला कडा गावाला गेली होती, म्हणून मॅडमनी तिला नंतर एकटीला लॅब उघडून दिली होती आणि स्वतः वर्गावर गेल्या होत्या. शेजारी कुणी नव्हतं, कुणाचं बघता येत नव्हतं, आणि बोर्डावरची त्रिज्या तेवढी समोर होती.

तिच्या पानावर चाळीस सेंटिमीटर लांबीला जी आला होता ९५६. साठला ९६२. ऐंशीला ९६७. शंभरला ९६९. सरासरी ९६४. एवढ्यावर मॅडम चिडल्या नसत्या. पोरांचं उत्तर थोडं इकडेतिकडे जातं. पण उत्तर चुकलं म्हणून त्यांनी साक्षीदार बोलावले, आणि तिथं घोटाळा झाला. खाली आलेख होता. आडव्या अक्षावर लांबी, उभ्या अक्षावर आवर्तकाळाचा, म्हणजे एका आंदोलनाला लागणाऱ्या वेळेचा, वर्ग. त्या रेषेच्या चढावरून पोरीनं जी काढला होता ९७८.

एकाच पानावर तक्ता म्हणतो ९६४ आणि आलेख म्हणतो ९७८. चौदाचा फरक. पोरीनं स्वतःच्या हातानं त्रुटी काढली होती जास्तीत जास्त आठ. म्हणजे फरक तिच्या स्वतःच्या त्रुटीतही बसत नव्हता. शिवाय सूत्राप्रमाणे रेषा शून्यातून जायला हवी, तर हिची रेषा शून्याच्या शेजारून गेलेली, आलेखाच्या एका बारीक चौकोनाएवढी बाजूला.

मॅडमना वाटलं, पकडलं. तक्ता हिचा आणि आलेख दुसऱ्याचा.

शेवटचा तास होता. त्यांनी समिनाला उभं केलं.

“हा आलेख कुणाचा बघितलास?”

“कुणाचा न्हाई मॅडम. माझाच हाय.”

“आणि टेबल?”

“तेबी माझंच. मी खरंच रीडिंग घेतलेत. तीन-तीन येळा घेतलेत.”

“खरंच घेतले असते तर एका पानावर दोन उत्तरं आली नसती.” मॅडमनी जर्नल वर्गाकडे फिरवून धरलं. “बघा रे. वरती नऊशे चौसष्ट, खाली नऊशे अठ्ठ्याहत्तर. खोटं बोलायचं तर निदान जुळवून तरी बोलावं, समिना.”

वर्ग हसला. चाळीसच्या वर्गात हसायला कारण लागत नाही, परवानगी लागते, आणि ती मॅडमनी दिली होती.

समिना एवढंच म्हणाली, “न्हाई मॅडम.” मग ती खाली बघत उभी राहिली. मॅडमनी सांगितलं, हे पान फाड, नवीन लिही, सोमवारच्या आत सही घेऊन जा, नाहीतर परीक्षा विसर. जर्नल परत देण्याआधी त्यांनी पानाचा मोबाईलवर फोटो काढला, दोन्ही उत्तरांवर लाल गोल केले आणि तो वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘कॉपी अशी पकडली जाते.’ नाव लिहिलं नव्हतं, पण पानाच्या कोपऱ्यात रोल नंबर होता. घरी पोचेपर्यंत त्यावर हसणाऱ्या तोंडांची रांग लागली होती. मॅडमना वाटलं, पोरांना धडा मिळाला.

धडा मिळणारच होता. कुणाला, ते शुक्रवारी ठरलं.

शुक्रवारी पहिला तास ‘ब’ तुकडीवर होता. मॅडमनी ठरवलं, यांनाही हे उदाहरण दाखवू. मोबाईल टेबलावर ठेवला आणि फोटोतला तक्ता बोर्डावर उतरवला. लांबी चाळीस, आवर्तकाळाचा वर्ग १.६५१. साठ, २.४६२. ऐंशी, ३.२६५. शंभर, ४.०७४.

“आता मजा बघा,” त्या म्हणाल्या. “हा तक्ता ज्या मुलीचा आहे, तिनं आलेख दुसरीकडून घेतला. कसं कळतं? या तक्त्यावरून आपण चढ काढू. तो तिच्या आलेखाशी जुळणार नाही. पौर्णिमा, कॅल्क्युलेटर घे. चार पॉइंट शून्य सात चारमधून एक पॉइंट सहा पाच एक वजा कर. साठनं भाग.”

पौर्णिमा पहिल्या बाकावर होती. तिनं बटणं दाबली. “शून्य पॉइंट शून्य चार शून्य तीन आठ.”

“आता सूत्रातले चार गुणिले पायचा वर्ग, म्हणजे एकोणचाळीस पॉइंट चार आठ, भागिले ते.”

“नऊशे सत्याहत्तर पॉइंट सात, मॅडम.”

मॅडमचा खडू बोर्डाला टेकलेला तसाच राहिला.

“परत कर.”

“परत तेच येतंय. नऊशे अठ्ठ्याहत्तरच धरा की.” पौर्णिमानं वर बघितलं. “मॅडम, मग आलेख तिचाच हाय ना? त्याच टेबलावरून आलाय.”

मॅडमनी मोबाईल उचलला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. आलेखावरचे चार ठिपके एकेक करून बघितले. चारही ठिपके तक्त्यातलेच होते. काल हे बघायला किती वेळ लागला असता? चहा पिता पिता झालं असतं. त्यांनी बघितलंच नव्हतं, कारण त्यांना ठिपके बघायचे नव्हते, चोर बघायचा होता.

“तुम्ही पुढचा धडा वाचा,” त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. ‘ब’ तुकडीनं त्यांना तासाच्या मध्ये बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

कान तापले होते, पण डोकं चालत होतं. एकाच तक्त्यातून दोन जी. म्हणजे पोरीनं कुठूनही काही घेतलेलं नाही, म्हणजे आकडे स्वतःच काहीतरी सांगतायत. त्यांनी हजेरीच्या मागच्या बाजूला मांडायला घेतलं. लांबी वीसनं वाढली की काळाचा वर्ग दर वेळी साधारण तेवढाच वाढतोय. वाढ बरोबर आहे, म्हणून चढ बरोबर. पण प्रत्येक लांबीचा वेगळा जी काढला की कमी येतोय, आणि लहान लांबीला जास्त कमी. चाळीसला ९५६, शंभरला ९६९. असं कधी होतं? प्रत्येक लांबीत सारखाच एखादा तुकडा मोजायचा राहिला तर. तो तुकडा चाळीसमध्ये जास्त बोचतो, शंभरमध्ये कमी. आणि वजाबाकी केली की दोन्हीकडून उडून जातो, म्हणून चढाला त्याचा पत्ता लागत नाही.

त्यांनी १.६५१ ला चढानं भागलं. ४०.८९. शंभरच्या ओळीत १००.८९. साठ आणि ऐंशीलाही तसंच, नऊ-दहा मिलिमीटर जास्त. पोरीची रेषा शून्याच्या शेजारून गेली होती ती एवढ्याच साठी. पट्टी घसरली नव्हती. लंबक तक्त्यात लिहिला त्यापेक्षा जवळजवळ नऊ मिलिमीटर लांब होता, आणि ते पान काल भर वर्गात तेच ओरडून सांगत होतं.

दोरा समिनानं मोजला होता. दोऱ्यात नऊ मिलिमीटरची चूक एकदा होईल, चारही वेळा तेवढीच कशी होईल? दोऱ्याखेरीज त्या लांबीत एकच गोष्ट होती, आणि ती समिनानं मोजली नव्हती. ती तिला दिलेली होती.

तास संपायची वाट न बघता मॅडम लॅबमध्ये गेल्या. बोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात चौकट होती. त्रिज्या ०.९५. स्टँडला गोळा लटकत होता. त्यांनी तो हातात घेतला, आणि व्हर्नियर लावायच्या आधीच त्यांना कळलं. गोळा लिंबाएवढा होता. ०.९५ त्रिज्या असती तर तो गोटीएवढा असायला हवा. एवढा ढळढळीत फरक. पूर्वी लॅबमध्ये पितळी बारके गोळे होते. ते हरवले आणि पुरवठादाराकडून हे मोठे आले, तेव्हा खोक्यावर चिठ्ठी होती, नुसतं १.९०. मॅडमनी तो व्यास समजून निम्मा केला होता आणि बोर्डावर लिहिला होता. त्यानंतर कितीदा तो गोळा त्यांनी स्वतः पोरांच्या हातात दिला, आणि डोळे उघडे ठेवून आंधळ्या राहिल्या.

व्हर्नियर लावला. व्यास ३.८०. त्रिज्या १.९०. चुकलेला तुकडा ०.९५. समिनाच्या पानानं सांगितला होता ०.९.

उभ्या उभ्याच त्यांनी तिचे चारही आकडे खऱ्या त्रिज्येनं पुन्हा केले. ९७९, ९७७, ९७९, ९७८. सरासरी ९७८. आलेखही ९७८. चारही साक्षीदार एका सुरात बोलत होते. असं पान त्यांच्या सगळ्या नोकरीत त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि जे पाहिलं त्याला लाल गोल करून गावभर फिरवलं होतं.

मॅडमना लाज वाटली. नुसती वाईट वाटण्याची लाज नव्हे. भर बाजारात साडीचा पदर मोटारसायकलच्या चाकात अडकावा आणि लोक बघत राहावेत, तशी लाज. आणि ती तिथंच थांबली नाही. कारण गणित येणाऱ्या माणसाचं डोकं एकदा चालू झालं की मधेच थांबत नाही. ०.९५ त्रिज्या घेऊन खरोखर घड्याळ लावलं असतं, तर समिनासारखंच सगळ्यांचं उत्तर ९६४ यायला हवं होतं. या त्रिज्येवर ९८० येऊच शकत नाही. तरी एकोणचाळीस जणांचं आलं. त्यांनी कपाट उघडून सौरभचं जर्नल काढलं. त्रुटी लिहिली होती आठ, आणि चार उत्तरांत फरक अर्ध्याचाही नव्हता. आठनं चुकू शकणारा हात चारही वेळा नऊशे ऐंशीच्याच दारात कसा जाईल? चाळीस सेंटिमीटरला वीस आंदोलनांचा वेळ होता २५.३९ सेकंद. त्यांनी उलटं गणित केलं. जी ९८० धरला की बरोबर २५.३९ येतो. उत्तर आधी, निरीक्षण नंतर. खाली त्यांचं स्वतःचं ‘उत्तम’ होतं आणि सही होती.

दुसरं जर्नल काढायचा त्यांना धीर झाला नाही.

दुपारी त्या केज रोडला गेल्या. पर्समध्ये तो गोळा होता. का घेतला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. रिकाम्या हातानं जाववेना, एवढंच. गॅरेजमागेच इलियासभाईंचं घर. मॅडमना दारात बघून इलियासभाई हात पुसत धावत आले आणि मॅडम तोंड उघडायच्या आत हात जोडून उभे राहिले.

“मॅडम, तुमी कावून तकलीफ घेतली? निरोप धाडला असता तर पोरीला घेऊन मीच आलो असतो. चूक झाली तिची. माफ करा.”

“इलियासभाई, ऐका, मी त्यासाठीच...”

“न्हाई, न्हाई. मला समदं कळलं. ते फोटूचं पण कळलं. शेजारच्या पोरानं दाखवलं. लई शरम वाटली मॅडम. मी तिला रातच्याला सांगितलं, आपल्या घरात गरिबी चालंल, खोटं चालायचं न्हाई.” त्यांनी घराच्या दाराकडे बघितलं. “ती लई रडली. मी खरंच मोजलं म्हणती. म्या म्हणलो, मॅडम काय उगीच म्हणत्यात का? मॅडमसारखं शिकल्यालं माणूस चुकंल का तू?”

समिनाच्या आईनं, जाहेदाबींनी, खुर्ची पुसून पुढं केली. “बसा मॅडम. पोर समजली आता. नवीन लिवलंय तिनं, रातभर बसून. तेवढी सही करा. परीक्षा बुडाया नको.”

मॅडम बसल्या. ज्यांनी हात जोडायचे त्या खुर्चीत, आणि ज्यांच्यापुढं जोडायचे ते उभे. चहा आला. समिना आतून आली, सलाम केला आणि जर्नल उघडून मॅडमच्या मांडीवर ठेवलं. डोळे सुजलेले होते, पण पान सुरेख होतं. चाळीसला ९८०.१. साठला ९७९.७. ऐंशीला ९८०.३. शंभरला ९७९.९. आलेखाची रेषा शून्यातून सरळ निघालेली. खाली त्रुटीचं गणित. कुठं खाडाखोड नाही.

“जुनं पान?” मॅडमनी विचारलं.

“फाडलं मॅडम. तुमीच म्हणलात.”

मॅडमनी पर्समधून गोळा काढला आणि पानावर ठेवला. तो घरंगळू नये म्हणून त्यांना हातानं धरून ठेवावा लागला.

“इलियासभाई,” त्या म्हणाल्या, “तुमची पोरगी खोटं बोलली नाही. चूक माझी आहे. या गोळ्याचं माप मी बोर्डावर चुकीचं लिहून दिलं होतं. तिनं सगळं खरं मोजलं, म्हणून माझी चूक तिच्या पानावर दिसली. बाकी कुणाच्याच पानावर दिसली नाही. मी तिला सगळ्या वर्गासमोर खोटी म्हटलं. मला माफ करा. समिना, मला माफ कर.”

इलियासभाईंनी गोळ्याकडे पाहिलं, मग पोरीकडे. रात्री आपण तिला काय काय बोललो ते त्यांना आठवत असावं, कारण त्यांनी खांद्यावरच्या फडक्यानं तोंड पुसलं आणि बराच वेळ फडकं तोंडावरून काढलं नाही. जाहेदाबी समिनाच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

समिनाच्या चेहऱ्यावर मॅडमनी आनंद शोधला. माणूस माफी मागतो तेव्हा समोरच्याचा चेहरा उजळावा असं त्याला वाटत असतं, ही माफी मागणाऱ्याची हाव. समिनाचा चेहरा होता तसाच होता.

“फोटो आहे माझ्याकडे,” मॅडम घाईनं म्हणाल्या. “त्यात तुझी सगळी रीडिंग आहेत. त्यावरून परत लिही, मी सही करते. आणि ग्रुपवर मी आत्ता, तुझ्यासमोर टाकते.”

त्यांनी मोबाईल काढला आणि लिहायला लागल्या. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचू लागल्या, म्हणजे घरातल्या सगळ्यांना ऐकू जावं. “‘काल मी ज्या पानाचा फोटो टाकला, ते समिनाचं पान खरं आहे. बोर्डावरची त्रिज्या मी चुकीची दिली होती. ०.९५ नाही, १.९०. त्या चुकीच्या त्रिज्येवर नऊशे ऐंशी येऊच शकत नाही. म्हणून वर्गातली उरलेली एकोणचाळीस पानं...’”

इथं त्या थांबल्या. मग वाचलं, “‘उरलेली एकोणचाळीस पानं खोटी आहेत, आणि त्यांच्यावर सही माझी आहे.’”

“चाळीस लिहा मॅडम,” समिना म्हणाली.

मॅडमनी वर बघितलं.

समिनानं गोळा अलगद उचलून बाजूला ठेवला आणि मॅडमच्या मांडीवरचं पान सरळ केलं. “हे मी काल रातच्याला लिवलं. सौरभला फोन केलता. तो म्हणला, लई सोपं हाय, आधी नऊशे ऐंशी धरायचं, त्यावरून उलटा टाइम काढायचा, अन् मग जरा खाली-वर करायचं म्हणजे खरं दिसतं. मी तसंच केलं. तुमी म्हणलात ना, खोटं बोलायचं तर जुळवून बोल.” तिनं खाली बघितलं. “परवा तुमी मला खोटी म्हणलात, तवा मी न्हवते मॅडम. आता हाय.”

खरं म्हणजे ते परवा नव्हतं, कालच होतं. पण एवढ्यात पोरीला तो दिवस लांबचा वाटायला लागला होता, आणि मॅडमनी ही चूक काढली नाही. इलियासभाईंना लंबकातलं काही कळलं नव्हतं, पण हे कळलं, आणि त्यांनी मान खाली घातली. चहावर साय धरली होती.

मॅडमनी मोबाईलवर एकोणचाळीस खोडलं, चाळीस केलं, चाळिसाव्यावर सही नव्हती तरी ‘सही माझी आहे’ तसंच ठेवलं आणि निरोप पाठवला.